चोरीपेक्षा पावती महागात पडू शकते

प्रश्न : भुसावळमध्ये मी घरोघरी कामवाल्या, स्वयंपाकीण आणि रुग्णांची देखभाल करणाऱ्या बायका लावून देतो. एका घरी आजींसाठी बाई लावली. तिचा पगार 14 हजार, माझे कमिशन एकदाच 7 हजार. पावतीवर ‘पोलीस पडताळणी झालेली’ असे छापलेले आहे, पण मी फक्त आधारची झेरॉक्स घेतली होती. दीड महिन्याने सोन्याच्या पाटल्या गेल्या आणि बाई यावलकडे माहेरी गेली. मालक पाटल्यांची किंमत मागतात, नाहीतर गुन्ह्यात नाव घालू म्हणतात.

उत्तर : पाटल्या बाईंनीच नेल्या, हे अजून सिद्ध झालेले नाही. झाले तरी नोकराने केलेल्या चोरीचे भारतीय न्याय संहितेचे कलम 306 त्यांना लागू होईल. तुमचा त्या कृत्यात सहभाग असल्याचा पुरावा असल्याखेरीज केवळ बाई लावून दिली म्हणून तुम्ही चोरीचे आरोपी ठरत नाही. पगार मालक थेट देत असतील आणि काम तेच सांगत असतील, तर बाई त्यांच्या नोकर ठरतात, तुमच्या नव्हे. मात्र पगार तुमच्या हातून जात असेल आणि त्यातून तुम्ही दरमहा कापून घेत असाल, तर हा बचाव बराच दुबळा होतो.

खरी अडचण पावतीवरच्या त्या तीन शब्दांची आहे. न झालेली पडताळणी झाली असे सांगून 7 हजार घेतले, असा आरोप झाल्यास कलम 318 खालील फसवणुकीचा प्रश्न उभा राहतो. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सेवेतील त्रुटीची तक्रार मालकांना दोन वर्षांच्या आत जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. तेथे कमिशनचा परतावा आणि काही भरपाई मिळण्याची शक्यता मी नाकारणार नाही. पाटल्यांच्या पूर्ण किमतीसाठी मात्र पडताळणी न केल्यामुळेच हे नुकसान झाले, असा संबंध त्यांना दाखवावा लागेल. बाईंवर पूर्वी एकही गुन्हा नसेल, तर पडताळणीतूनही काही निष्पन्न झाले नसते, हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

आता घाईने मागील तारखेचा पडताळणी अर्ज तयार करू नका आणि पावतीपुस्तक फाडू नका. असे केल्यास आजचा हलगर्जीपणा उद्या खोटा पुरावा तयार केल्याचा किंवा पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा ठरू शकेल. आधारची प्रत, बाईंचा माहेरचा पत्ता आणि फोन क्रमांक लेखी अर्जासोबत पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. त्यांचा फोटो कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, नाहीतर बदनामीची फिर्याद तुमच्यावरच येईल. कमिशन बँकेतून परत करावे, असे माझे मत आहे. सोबतच्या पत्रात चोरीची जबाबदारी मान्य नसल्याचे स्पष्ट लिहा, आणि ते पत्र वकिलाला दाखवूनच पाठवा. परताव्याने फसवणुकीचा आरोप आपोआप मिटत नाही, पण हेतूबद्दलचा संशय कमी होतो.

नव्या पावतीवर ‘आधार पाहिले, आधीच्या मालकांशी या तारखेला फोनवर बोललो, पोलीस पडताळणीचा अर्ज दिलेला नाही’ एवढेच, जे खरोखर केले तेवढेच, लिहीत जा.