किंमत रेषा समवृत्ती वक्राला ‘स्पर्श करते’ की ‘छेदते’?

प्रश्न: ‘उपभोक्त्याच्या समतोलात किंमत रेषा समवृत्ती वक्राला स्पर्श करते असंच सगळीकडे लिहिलेलं असतं. मी छेदते लिहिलं तर मार्क कापले. भेटतात तर दोन्हीकडे, मग फरक काय?’

मार्क बरोबर कापलेत. छेदते म्हटलं की तुम्ही दुसऱ्याच बिंदूबद्दल बोलायला लागता, आणि तो बिंदू समतोलाचा नसतो. किंमत रेषेवर असतात हातातले सगळे पैसे खर्चून येणारे दोन वस्तूंचे गठ्ठे, एका समवृत्ती वक्रावर असतात ग्राहकाला सारखेच आवडणारे गठ्ठे, आणि समतोल म्हणजे त्या पैशांत मिळणारा त्याचा सगळ्यात आवडता गठ्ठा. आकडे घेऊन बघा, लगेच कळेल.

समजा खर्चायला १२० रुपये आहेत, क वस्तू ६ रुपयाला एक, ख वस्तू १२ रुपयाला एक. म्हणजे एक ख सोडला की त्या पैशात दोन क येतात, किंमत रेषेचा उतार म्हणजे एवढंच, बाजार एका क साठी अर्धा ख मागतो. आणि ग्राहकाची आवड अशी धरू की क चे नग गुणिले ख चे नग जेवढे जास्त तेवढं त्याला बरं. हा गुणाकार समाधानाचं माप वगैरे नाही हां, फक्त कुठला गठ्ठा वर नि कुठला खाली एवढं ठरवायला.

आता ४ क आणि ८ ख घ्या. खर्च २४ अधिक ९६, बरोबर १२०, गुणाकार ३२. मग १६ क आणि २ ख घ्या, खर्च परत १२० आणि गुणाकार परत ३२. म्हणजे ३२ चा वक्र किंमत रेषेला या दोन ठिकाणी भेटतो, रेषा एकीकडून वक्राच्या आत शिरते नि दुसरीकडून बाहेर पडते, याला म्हणायचं छेदणं. आणि गंमत मधल्या तुकड्यात आहे, तो सगळा ३२ च्या वक्राच्या वरच्या बाजूला आहे, म्हणजे त्याच १२० रुपयांत याहून चांगलं काहीतरी मिळतंय आणि आपला माणूस ते घेत नाहीये.

४ क नि ८ ख वर तो उभा आहे तेव्हा त्याच्या मनाचा भाव काय? त्याच्याकडे ख भरपूर, क कमी, म्हणून एका जादा क साठी तो साधारण २ ख सोडायला तयार आहे (पुस्तकी भाषेत सीमांत पर्यायता दर, इथे ८ भागिले ४). बाजार मागतोय अर्धाच. असा सौदा कोण सोडेल, तो एक ख सोडून दोन क घेतो, ६ आणि ७ झाले, गुणाकार ४२. परत तसंच, ८ आणि ६, ४८. परत, १० आणि ५, ५०. अजून एकदा केलं तर १२ आणि ४, गुणाकार खाली येऊन परत ४८. म्हणजे थांबायचं १० क, ५ ख वर. तिथे मनाचा भाव ५ भागिले १०, म्हणजे अर्धा, आणि बाजाराचा भावही अर्धा. दोन उतार जुळले, म्हणून ५० चा वक्र रेषेला टेकतो पण ओलांडत नाही, आणि ५० च्या वरचे वक्र रेषेपर्यंत पोचतच नाहीत. स्पर्श हा शब्द या टेकण्यासाठी आहे.

आकृती काढताना बहुतेकांची चूक इथेच होते. एकाच बिंदूत भेटवलं की स्पर्श झाला असं वाटतं, पण कागदाच्या टोकाला वक्र अर्धवट सोडल्यामुळे दुसरा छेद दिसत नाही एवढंच असतं. ओळखायची खूण सोपी, बिंदूच्या दोन्ही बाजूंना रेषा वक्राच्या खालीच राहतेय का बघा. एका बाजूला जरी ती वक्राच्या वर गेली तरी तो छेद.

पण ‘समतोल म्हणजे स्पर्श’ हे डोळे मिटून पाठ करू नका. वक्र आरंभबिंदूकडे फुगलेला असतो म्हणून हे जमतं, तो उलटा वाकवला तर त्याच स्पर्शबिंदूवर रेषेवरचा सगळ्यात वाईट गठ्ठा सापडतो. आणि समजा कुणाला एक क नि एक ख अगदी सारखेच वाटतात, तर त्याचे समवृत्ती वक्र सरळ रेषाच होतात, मनाचा भाव कायम एकास एक, बाजाराचा अर्धा, हे दोन कधी जुळणारच नाहीत. तो सगळे १२० रुपये क वर घालतो, २० क आणि शून्य ख. अजूनही ख देऊन क घ्यायची त्याची तयारी आहे, पण द्यायला ख उरलेलाच नाही. इथे रेषा सगळ्यात वरच्या वक्राला एकाच बिंदूत, अक्षावर, भेटते, पण उतार वेगळे असल्यामुळे ‘स्पर्श’ लिहिता येत नाही, अशा वेळी ‘कोपऱ्यातला समतोल’ असं सरळ लिहा.