‘ग्रुपचाच कारखाना’ म्हणजे नक्की कोणाचा?

प्रश्न : मी डिचोलीची. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत 10 ऑगस्ट 2021 पासून क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. हुद्दा सीनियर एक्झिक्युटिव्ह, पण काम प्रयोगशाळेत नमुने तपासण्याचं. बेसिक आणि डीए मिळून 20,800 रुपये. आमची लॅब बंद करून काम गुजरातेत साणंदला नेणार आहेत. मला 8 जूनपासून तिथे हजर व्हायचं पत्र आलंय. तो कारखाना आमच्या ग्रुपचाच आहे. अपॉइंटमेंट लेटरमध्ये ‘कंपनीच्या भारतातील कोणत्याही कारखान्यात बदली होऊ शकते’ असं आहे. सासरे आजारी, मुलगी चौथीत, मला जाणं शक्य नाही. एचआरवाले म्हणतात, राजीनामा दे, सगळा हिशेब नीट करून देतो. दोन महिन्यांची नोटीस आहे. 20 मेला राजीनामा देऊ का?

उत्तर : ताई, 20 मेला देऊ नका. राजीनामा द्यायचाच नाही असं मी म्हणत नाही. घरची परिस्थिती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका शब्दाचा छडा लावायला हवा. तो शब्द म्हणजे ‘ग्रुपचाच’.

अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलंय ‘कंपनीच्या’ कारखान्यात. ग्रुपच्या नव्हे. कारखान्याच्या फाटकावर तीच निशाणी आणि तेच मालक असले तरी कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या नोंदणीच्या कंपन्या म्हणजे दोन वेगळे मालक. बदली एकाच मालकाच्या दोन ठिकाणांमध्ये होते. एका मालकाकडून दुसऱ्याकडे पाठवणं ही बदलीच नव्हे, त्याला तुमची संमती लागते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं इंफाळमधलं केंद्र मणिपूर विद्यापीठाकडे गेलं तेव्हा तिथल्या एका प्राध्यापकांनाही त्याबरोबर नव्या विद्यापीठात ढकलण्यात आलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये सांगितलं की नोकरीचा करार कामगाराच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. तुमचा मामला तसाच निघू शकतो.

हे तपासायला वकील लागत नाही. आधी बदलीच्या पत्रात साणंदच्या कारखान्यासमोर लिहिलेलं पूर्ण नाव बघा, अगदी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ किंवा ‘लिमिटेड’पर्यंत, आणि ते तुमच्या पगाराच्या स्लिपवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. शंका राहिलीच तर mca.gov.in वर दोन्ही नावांनी शोधा. प्रत्येक कंपनीचा नोंदणी क्रमांक तिथे दिसतो, आणि दोन क्रमांक दिसले तर कंपन्या दोन. आणखी एक खूण अशी की साणंदला गेल्यावर ‘नवीन अपॉइंटमेंट लेटरवर सही करा’, ‘पीएफचा नवा मेंबर आयडी निघेल’ असं सांगितलं जात असेल, तर मालक बदलतोय. त्या कागदावर सही केलीत की पाच वर्षांची सलग नोकरी तिथेच तुटली असा वाद उभा राहू शकतो.

यावर इतका जोर देण्याचं कारण सांगतो. साणंदचा कारखाना दुसऱ्या कंपनीचा असेल, तर बदलीचं कलम तिथवर पोचत नाही. मग कुंडईची लॅब बंद करताना कंपनीला तुम्हाला गोव्यातच दुसरं काम द्यावं लागेल किंवा रीतसर कामगारकपात करावी लागेल. कपातीत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाएवढी भरपाई मिळते, आणि ग्रॅच्युइटी त्याहून वेगळी. राजीनाम्यात ही भरपाई शून्य, कारण राजीनामा हे तुमचं स्वतःचं कृत्य ठरतं. एचआर इतक्या गोडीने राजीनामा मागतंय त्याचं हे एक कारण असू शकतं.

तुमचा हुद्दा एक्झिक्युटिव्हचा आहे म्हणून तुम्ही ‘कामगार’ नाही, असं कुणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका. कायदा पाटीकडे नव्हे, कामाकडे बघतो. प्रयोगशाळेत स्वतः नमुने तपासणं हे तांत्रिक काम आहे. हाताखाली माणसं ठेवून त्यांच्या रजा मंजूर करणं, त्यांच्यावर कारवाई करणं असं तुमच्याकडे असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

आता दुसरी शक्यता. साणंदचा कारखाना तुमच्याच कंपनीचा निघाला, तर खरं तेच सांगतो : बदली बहुतेक टिकेल. घरचा आजार आणि मुलीची शाळा या माणुसकीच्या बाबी आहेत, त्या कळवायच्याच, पण त्यांनी बदली बेकायदा ठरत नाही. कुणाला तरी मुद्दाम हुसकावण्यासाठी धोरणाच्या नावाखाली केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा ठरते खरी. पण सगळी लॅबच हलत असताना एकट्या तुमच्यावर डूख होता हे दाखवणं कठीण. आणि अर्ज दिला म्हणून हजर न राहता घरी बसण्याची मुभा मिळत नाही. गुजरात वीज मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे 1989 मध्येच स्पष्ट केलं आहे.

कोल्हापूर-मुंबईकडचे नातेवाईक तुम्हाला औद्योगिक न्यायालयात अनुचित प्रथांची तक्रार करायला सांगतील. तो रस्ता महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याचा आहे आणि तो कायदा गोव्याला लागू नाही. आपल्याकडे मार्ग पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनातल्या कामगार आयुक्तालयातून जातो. त्यातही एक मेख आहे. कामावरून काढलं तर तुम्ही एकट्याने तिथे जाऊ शकता, पण नुसत्या बदलीविरुद्धचा वाद युनियनने किंवा बऱ्याच कामगारांनी मिळून उचलावा लागतो. लॅबमधल्या सगळ्यांनाच पत्रं आली असतील तर आजच एकत्र बसा.

म्हणून पहिलं पत्र राजीनाम्याचं नको, उत्तराचं असू द्या. ऑफिसच्या ईमेलवरून पाठवा, त्याची प्रत स्वतःच्या ईमेलवरही ठेवा. कंपनीचा व्यवहार इंग्रजीत असेल तर इंग्रजीत लिहा. मजकूर साधारण असा : ‘आपले बदलीचे पत्र मिळाले. साणंदचा कारखाना माझ्या नेमणूकपत्रातील कंपनीच्याच मालकीचा आहे की स्वतंत्र कंपनीचा, हे कृपया लेखी कळवावे. माझी नोकरी 10 ऑगस्ट 2021 पासून सलग धरली जाणार आहे का, तेही कळवावे. कौटुंबिक कारणांमुळे मला गोव्यातच काम देण्याचा विचार व्हावा. ते शक्य नसल्यास हजर होण्याची तारीख 15 ऑगस्टनंतरची द्यावी. खुलासा मिळेपर्यंत मी कुंडई येथे कामास तयार आहे.’ यात तुम्ही काही नाकारत नाही आणि काही कबूलही करत नाही.

15 ऑगस्ट का, ते आता सांगतो. कारखाना कंपनीचाच निघाला आणि तुम्ही राजीनाम्यावर आलात, तर सगळा खेळ तारखेचा आहे. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग नोकरी लागते आणि तुमची पाच वर्षं 9 ऑगस्ट 2026 ला पुरी होतात. 20 मेला राजीनामा दिलात की दोन महिन्यांची नोटीस 19 जुलैला संपते, म्हणजे एकवीस दिवस कमी पडतात. हिशेब असा : 20,800 भागिले 26 म्हणजे दिवसाचे 800 रुपये, पंधरा दिवसांचे 12,000, पाच वर्षांचे 60,000. एवढी रक्कम एकवीस दिवसांसाठी अडकते. पाचव्या वर्षात 240 दिवस काम झालं असेल तर पाच वर्षं पूर्ण धरावीत, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे. कंपनीने नकार दिला तर तो मुद्दा आपण मांडू. पण जी रक्कम तारीख सांभाळून हातात येते, ती वादात कशाला घालायची?

राजीनाम्याची तारीख नव्हे, शेवटच्या कामाची तारीख मोजली जाते. 11 जूनला राजीनामा देऊन शेवटचा दिवस 10 ऑगस्ट असं स्पष्ट लिहिलंत तर पाच वर्षं भरतात. नोटीसचा काळ नोकरीतच धरला जातो. इथे दोन ठिकाणी माणसं फसतात. कंपनी म्हणते, नोटीसची गरज नाही, आजच मोकळी करतो. ऐकायला बरं वाटतं, पण शेवटचा दिवस मागे सरकतो. त्यामुळे स्वीकृतीच्या पत्रात 10 ऑगस्ट ही तारीख लिहून घेतल्याशिवाय हो म्हणू नका. दुसरी फसगत 8 जूननंतरच्या दिवसांची. तारीख पुढे ढकलून मिळाली नाही, तर नोटीस कुंडईत पुरी करू द्या किंवा शिल्लक हक्काची रजा मंजूर करा, असं लेखी मागा. दोन्ही नाकारलं आणि कारखाना कंपनीचाच असेल, तर काही आठवडे साणंदला हजर होणं हा मार्गही विचारात घ्या. न कळवता घरी मात्र बसू नका. दहा दिवसांपेक्षा जास्त विनापरवाना गैरहजेरी हे स्थायी आदेशांत गैरवर्तन धरलं जातं, आणि चौकशीत अडकलेल्या माणसाला तडजोडीत फारसं मिळत नाही.

राजीनाम्याच्या पत्रात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द लिहू नका. एचआरच्या तयार नमुन्यात ते हमखास असतात. डिचोलीचाच एक मुलगा माझ्याकडे असं पत्र देऊन झाल्यावर आला होता. त्याची बदली दुसऱ्याच कंपनीत झाली होती, मुद्दा स्वच्छ होता, पण त्याच्याच सहीने त्याने लिहून दिलं होतं की जाण्याचं कारण घरगुती आहे. समेटाच्या बैठकीत कंपनीने तेवढा एकच कागद पुढे केला. तुम्ही लिहा : ‘साणंद येथे जाणे मला शक्य नसल्यामुळे आणि गोव्यात पर्यायी काम न दिल्यामुळे राजीनामा देत आहे.’ एवढ्याने राजीनामा ही कामगारकपात ठरत नाही, पण खरं कारण नोंदलेलं राहतं.

शेवटच्या दिवशीचा पगार आणि साठलेल्या रजेचे पैसे यांवर लक्ष ठेवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कामगाराचं थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं. ‘फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतात’ ही कंपन्यांची सवय आहे, कायदा नव्हे. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत, उशीर झाला तर व्याजासह. नोटीस कमी भरली म्हणून ग्रॅच्युइटी कापता येत नाही. ती रोखण्याची कारणं कायद्यात मोजकी आहेत आणि त्यात हे नाही.

आज एवढंच करा : बदलीचं पत्र, अपॉइंटमेंट लेटर आणि एप्रिलची स्लिप शेजारी शेजारी ठेवून कंपनीचं नाव ताडून पाहा. नावं वेगळी निघाली तर कोणत्याही कागदावर सही करण्याआधी ते तिन्ही कागद घेऊन वकिलाकडे या.