जपानी सहकाऱ्याच्या वडिलांचं निधन झालं तर काय लिहावं?

हवामानाची, तब्येतीची नेहमीची विचारपूस गाळ आणि थेट लिही: ‘गोसोम्पुसामा नो गोसेइक्यो नो होओ नि सेश्शी, कोकोरो योरी ओकुयामी मोओशिआगेमास.’ म्हणजे, आपल्या वडिलांच्या निधनाची बातमी कळली, मनापासून शोक व्यक्त करतो. आईसाठी ‘गोबोदोसामा’.

‘गोमेइफुकु ओ ओइनोरी शिमास’ मात्र टाळ. त्यात मृताच्या परलोकातल्या सुखाची प्रार्थना आहे. जोदो शिनशू बौद्ध आणि ख्रिस्ती घरांत ते बसत नाही आणि घरचा पंथ आपल्याला सहसा ठाऊक नसतो. ‘कासानेगासाने’, ‘ताबिताबी’ असे दुहेरी शब्दही नकोत, दुःख पुन्हा येईल असं सुचवतात.

मृत्यूचं कारण विचारू नकोस. शेवटी ‘गोहेन्शिन नि वा ओयोबिमासेन’ लिही, म्हणजे उत्तराचं ओझं त्याच्यावर राहत नाही. मला हीच ओळ सगळ्यात माणुसकीची वाटते.