साबणाची वडी आणि खडे बाजार: जुन्या पेपरांचा सराव

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला. पीयूसी दुसऱ्या वर्षाला आहे, आर्किटेक्चरची एंट्रन्स द्यायची आहे. जुने पेपर सोडवतो, पण सरफेस मोजणे आणि टॉप व्ह्यू नेहमी चुकतात. चित्र बरं येतं, पण बेळगावला क्लास लावणं जमणार नाही. घरी सराव कसा करू?

उत्तर:

जुन्या पेपरातला प्रश्न सोडवून, उत्तर ताडून पान उलटत असशील तर तिथेच थांब. त्यातली वस्तू हातात येईपर्यंत तो प्रश्न सोडू नकोस. मी स्वतः पहिल्यांदा पेपरांचा गठ्ठा संपवला होता आणि तरीही परीक्षेत याच दोन प्रकारांत आपटलो. दुसऱ्या वर्षी कपड्याच्या साबणाची वडी आणि भाजीची सुरी घेऊन बसलो, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आई ओरडली, पण ते तुकडे धुण्याला वापरता येतात.

जेईई मेनच्या बी.आर्क.च्या पेपरात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: दिलेल्या वस्तूला एकूण पृष्ठं किती? एक वस्तू कापून बघू. वडी ताजी घे, वाळलेली तडकते. ६ सेंटिमीटर लांब, ४ रुंद, ४ उंच असा ठोकळा काढ. पुढच्या अर्ध्या रुंदीतला वरचा अर्धा भाग पूर्ण लांबीभर कापून टाक. पुढे २ सेंटिमीटर उंचीची पायरी आणि मागे ४ सेंटिमीटर उंचीची भिंत राहिली. आता भिंतीच्या मधोमध वरून २ सेंटिमीटर रुंदीची खाच पाड, पुढून मागे आरपार, पण खोली फक्त १ सेंटिमीटर.

पृष्ठं मोज. बहुतेक जण आधी पायरीची ८ धरतात, खाचेची ३ वाढवतात आणि ११ वर खूण करतात. भिंतीचा माथा खाचेमुळे दोन तुकडे झाला, ते निसटतं. म्हणून दिसेल तसं मोजू नकोस, तोंड कुणीकडे आहे त्यावरून मोज. वर तोंड असलेली: पायरी, माथ्याचे दोन तुकडे, खाचेचा तळ, म्हणजे ४. खाली १. पुढे: पायरीचा दर्शनी भाग आणि भिंत, २. मागे १. डावीकडे तोंड असलेली २, कारण खाचेची उजवी बाजू डावीकडे बघते. तशीच उजवीकडे २. एकूण १२.

आता खरी गंमत. खाच आणखी १ सेंटिमीटर खोल कर, म्हणजे तिचा तळ पायरीच्या पातळीला येईल. तळ पायरीतच मिसळला, एक पृष्ठ कमी झालं. पण भिंतीची पुढची बाजू आता दोन तुकड्यांत फुटली, एक वाढलं. पुन्हा १२! आकडा तोच आला, पण टॉप व्ह्यू बदलला.

वडी जमिनीवर ठेव, उभा राहा आणि एक डोळा मिटून सरळ वरून बघ. पहिल्या वस्तूत पायरी आणि भिंत यांच्यामधली रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाते. दुसरीत तीच रेघ खाचेपाशी तुटते, कारण तिथे पातळी बदलतच नाही. टॉप व्ह्यूचे चार पर्याय देताना पेपर काढणारा याच एका रेघेशी खेळतो: एकात सलग, एकात तुटलेली, एकात खाच भलत्या बाजूला. त्यामुळे पर्याय बघायच्या आधी आकृतीत बोट ठेवून स्वतःला विचार, 'इथे पातळी बदलते का?' बदलली तर रेघ, नाहीतर नाही. तुझं नेमकं कुठे चुकतं ते असं कळतं. नुसता आकडा बरोबर आला म्हणून आकृती समजली असं नाही, हे वरच्या दोन वड्यांनी दाखवलंच.

हीच वडी चित्रालाही लागते. ती तीन जागी ठेवून काढ: पाटावर, डोळ्यांच्या पातळीला खिडकीच्या पट्टीवर आणि उंच फळीवर. पाटावर पायरीचा वरचा भाग दिसतो, खिडकीत त्याची नुसती रेघ होते, फळीवर तो गायब होतो. मोजपट्टी नको, खोडरबर तर नकोच. रेघ चुकली तर तिच्या शेजारी दुसरी ओढ. सहा-सात वेळा काढल्यावर हात आपोआप सरळ जायला लागतो.

मग पेपरातला चित्राचा प्रश्न घे. समजा विषय आहे बाजाराचा रस्ता. आपल्याला बेळगावचा खडे बाजार आहेच. तू रस्त्यावर उभा आहेस, डोळे जमिनीपासून साधारण ५ फुटांवर. कागदावर आधी आडवी आय लेव्हल ओढ. तुझ्याएवढ्या उंचीच्या, सपाट रस्त्यावर उभ्या सगळ्या माणसांचे डोळे याच रेघेवर येतात, माणूस जवळ असो की लांब. लांबच्याचे फक्त पाय वर सरकतात. फळांचा हातगाडा ३ फुटांचा धरला तर चाक टेकतं तिथपासून रेघेपर्यंतच्या अंतराच्या पाचापैकी तीन भागांवर त्याची फळी. ती डोळ्याखाली आहे म्हणून वरून दिसते, आणि दुकानाचं छप्पर डोळ्यावर आहे म्हणून खालून. पाट आणि फळीवरच्या वडीचाच हा प्रकार आहे. चित्र 'बरं येतं' म्हणणाऱ्या मुलांच्या कागदावर मला बहुतेक वेळा गाडाही वरून आणि छप्परही वरून दिसतं. शेडिंग कितीही सुरेख असलं तरी ते चित्र उभं राहत नाही.

तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून काढ. डोळे आता साधारण १५ फुटांवर. आय लेव्हल वर गेली आणि ५ फुटी माणूस पायापासून त्या रेघेपर्यंतच्या अंतराचा एक तृतीयांश झाला, कुठेही उभा असला तरी. छपरं आता वरून दिसतील. तिसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या पायरीवर बसून काढ. एका जुन्या प्रश्नातून अशी तीन चित्रं निघतात, आणि चित्राला उत्तरसूची नसल्यामुळे तपासायला हे भागाकारच कामी येतात. पट्टी काढायची ती तपासताना, काढताना नाही.

जुने पेपर निवडताना एक बघ. नाटा या आर्किटेक्चरच्या दुसऱ्या एंट्रन्समध्ये मधली काही वर्षं कागदावरचं चित्र नव्हतंच, ते २०२४ पासून परत आलं: ९० मिनिटं, तीन प्रश्न, ८० गुण. त्यातला तिसरा प्रश्न दिलेल्या साहित्यातून त्रिमितीय रचना करायचा असतो, तो वडी कापलेल्या हाताला परका वाटत नाही. मधल्या वर्षांचे पेपर चित्रासाठी शोधत बसू नकोस. जेईईच्या पेपरात चित्राचे दोन प्रश्न मिळून १०० गुण असतात, पण तीन तासांत गणित आणि अ‍ॅप्टिट्यूडही असतं, म्हणून घरी एका चित्राला अर्ध्या तासाच्या वर घेऊ नकोस. पहिली पाच मिनिटं आय लेव्हल आणि मोठे ठोकळे, शेडिंग अगदी शेवटी. वेळ संपली की पेन्सिल खाली ठेव, मग चित्र अर्धवट का असेना.