सॅपमध्ये पोस्ट झालेल्या बिलाचा दर चुकला: डिलीट का नाही, आणि मग करायचं काय

प्रश्न: मी मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत अकाउंट्सला आहे. अंकलेश्वरच्या पार्टीला 200 नगांचं बिल 1,150 ऐवजी 1,250 च्या दराने गेलं. पाच दिवस झाले, माल पोचला, पार्टी म्हणते दुरुस्त करून द्या. सॅपमध्ये डिलीटचा पर्यायच नाही आणि आयटीवाले मागून काढून द्यायला तयार नाहीत. एक बिल काढून नवं टाकायला एवढी काय हरकत आहे?

उत्तर:

तुमचे आयटीवाले बरोबर वागतायत. त्यांच्यावर दबाव आणू नका, उलट त्यांना साथ द्या.

बडोद्यातल्या बऱ्याच कंपन्या टॅलीवरून सॅपवर आल्या आहेत आणि हात अजून टॅलीचेच आहेत. टॅलीत Alt+D दाबलं की व्हाउचर जातं. नंबरिंग ऑटोमॅटिक ठेवलेलं असेल तर नंतरच्या बिलांचे नंबरही एकेकाने मागे सरकू शकतात, आणि पार्टीकडे गेलेल्या कागदावरचा नंबर व आपल्या वहीतला नंबर यांचा मेळ तुटतो. म्हणून टॅलीतही जाणते लोक Alt+X वापरतात: व्हाउचर रद्द होतं, नंबर जागेवर राहतो. सॅपने तुम्हाला Alt+D दिलेलंच नाही, एवढाच फरक.

आता हे बिल पोस्ट झालं तेव्हा काय काय झालं ते पाहा. पार्टीच्या खात्यावर 2,95,000 नावे पडले. विक्री खात्यात 2,50,000 जमा झाले, सीजीएसटी आणि एसजीएसटीत प्रत्येकी 22,500. त्याआधी, माल गेटबाहेर पडताना डिलिव्हरीवर गुड्स इश्यू झाला आणि स्टॉकमधून 200 नग वजा होऊन त्यांची किंमत खर्चात गेली. ही नोंद बिलाची नाही, डिलिव्हरीची आहे. बिल पुसलं तरी ती राहील, म्हणजे माल गेलेला दिसेल आणि बिल कुठेच दिसणार नाही. तुमच्या कंपनीला ई-इन्व्हॉइस लागू असेल (5 कोटींच्या वरच्या उलाढालीला तो लागतो) तर हेच बिल पोर्टलवर नोंदवून आयआरएन मिळालेला आहे. पार्टीनेही ते आपल्याकडे नोंदवलं असेल आणि 45,000 चं इनपुट क्रेडिट धरलं असेल. पोर्टलवरची आणि पार्टीकडची नोंद तुमच्या डिलीटने जाणार नाही. तुमच्याकडे बिल नाही, सरकारकडे आहे, पार्टीकडे आहे, अशी ती स्थिती होते.

मागून थेट टेबलमधून ओळी काढल्या तर घरातही गोंधळ होतो. सॅपमध्ये बिलिंग, अकाउंटिंग आणि डिलिव्हरी यांची कागदपत्रं एकमेकांत गुंतलेली असतात. जुन्या ईसीसीत खात्यांच्या बेरजा वेगळ्या टेबलांत साठवल्या जातात. ओळ काढली तरी बेरीज तशीच राहते, मग ट्रायल बॅलन्स आणि तपशिलाची यादी जुळत नाही. हा फरक महिनाअखेरीला कोणाच्या तरी गळ्यात पडतो आणि तेव्हा कारण कोणाला आठवत नसतं.

कायद्याची बाजूही पक्की आहे. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिलांचे नंबर आर्थिक वर्षात सलग आणि एकमेव असावे लागतात, आणि जीएसटीआर-1 मध्ये कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत बिलं निघाली व त्यातली किती रद्द झाली हे सांगावं लागतं. रद्द बिल तिथे दाखवता येतं. गायब झालेल्या नंबराचं उत्तर मात्र देता येत नाही. शिवाय कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून असं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. ऑडिटरला त्यावर आपल्या अहवालात लिहावं लागतं. मागून काढलेलं एक बिल त्या अहवालात येऊ शकतं.

दुरुस्तीचे रस्ते दोन आहेत आणि कोणता घ्यायचा हे बिल किती दूर पोचलंय यावर ठरतं.

पहिला रस्ता पूर्ण रद्द करण्याचा, व्यवहार VF11. चूक त्याच दिवशी लक्षात आली असती तर मी हाच सांगितला असता. VF11 मूळ बिल पुसत नाही. त्याच रकमांचं उलटं कागदपत्र तयार करतं, दोन्ही डॉक्युमेंट फ्लोमध्ये दिसत राहतात आणि दोघांचा परिणाम शून्य होतो. स्टॉकला तो हात लावत नाही. डिलिव्हरी फक्त पुन्हा बिल करण्याजोगी होते. पण आयआरएन पोर्टलवर 24 तासांच्या आतच रद्द करता येतो. ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, त्याचीही मुदत 24 तासांचीच, आणि वाटेत अधिकाऱ्याने तपासलं असेल तर तेही होत नाही. रद्द झालेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही, नवं बिल नव्या नंबराने निघतं.

या रस्त्यावर एक खड्डा आहे. रद्द करून लगेच VF01 केलं तर नव्या बिलातही 1,250 येऊ शकतं, कारण दर सेल्स ऑर्डरमधून येतो. आधी VA02 मध्ये ऑर्डरचा दर दुरुस्त करा. कंडिशन रेकॉर्डमध्येच चुकीचा दर असेल तर तोही बदला, नाहीतर पुढच्या ऑर्डरला हीच कथा.

तुमचे पाच दिवस झालेत, माल पोचलाय. म्हणजे रस्ता दुसरा, क्रेडिट नोटचा. सीजीएसटी कायद्याचं कलम 34 नेमकं यासाठी आहे: बिलात मूल्य किंवा कर जास्त लावला गेला तर पुरवठादाराने क्रेडिट नोट काढायची. मूळ बिल तसंच उभं राहतं आणि फरकाचं कागदपत्र त्याच्या शेजारी येतं. तुमचा फरक नगामागे 100, म्हणजे 20,000, त्यावर 18 टक्के 3,600, एकूण 23,600. योग्य बिल 2,71,400 चं व्हायला हवं होतं आणि 2,95,000 मधून 23,600 गेले की तेच उरतात.

VA01 मध्ये क्रेडिट मेमो रिक्वेस्ट काढा, साधारणपणे ऑर्डर प्रकार CR, आणि संदर्भ म्हणून मूळ बिलाचा नंबर द्या. संदर्भ दिला की सिस्टीम 200 नग आणि 1,250 दर उचलून आणते. इथे हात थांबवा आणि दराच्या जागी 100 भरा. हे राहिलं तर पूर्ण 2,95,000 ची क्रेडिट नोट निघते. ऑर्डरचं कारण दरफरकाचं निवडा. रिक्वेस्ट बहुधा बिलिंग ब्लॉकसह तयार होते. तो ब्लॉक मंजुरी देणाऱ्यानेच काढायचा, भरणाऱ्याने नाही. मग VF01 ने क्रेडिट मेमो, प्रकार G2. अकाउंटिंग नोंदीत विक्री नावे 20,000, दोन्ही कर नावे प्रत्येकी 1,800 आणि पार्टी जमा 23,600 दिसायला हवं. एवढं जुळलं तरच पुढे जा.

ऑर्डर प्रकार निवडताना घाई नको. CR च्या जागी कोणी परतीचा ऑर्डर प्रकार, म्हणजे RE, घेतला तर सिस्टीम माल परत येण्याची वाट पाहते. कोणी उत्साहाने परतीची डिलिव्हरी पोस्ट केली तर 200 व्हॉल्व्ह कागदावर तुमच्या गोदामात येतात, प्रत्यक्षात ते अंकलेश्वरला बसलेले असतात. वर्षअखेरीच्या मोजणीत तूट निघते आणि स्टोअरचा माणूस नाहक बोलणी खातो. दरफरकात माल हलत नाही, एवढं धरून चाला. विक्रीच्या नगांचा रिपोर्टही तपासा. काही सेटिंगमध्ये क्रेडिट नोटचे 200 नग विक्रीतून वजा होतात, तसं दिसलं तर सल्लागाराला सांगा.

FB08 चा विचार मनात असेल तर ते इथे चालणार नाही. बिलिंगमधून आलेलं कागदपत्र फायनान्समधून उलटवता येत नाही, सिस्टीम मूळ जागी जायला सांगते. हे पाहून काही जण F-02 ने साधी जर्नल नोंद टाकतात: विक्री आणि कर नावे, पार्टी जमा. सिस्टीम ती घेते, पार्टीचं खातंही बरोबर दिसतं, म्हणूनच ती सगळ्यात घातक. जीएसटीआर-1 चा डेटा बहुतेक ठिकाणी बिलिंग कागदपत्रांतून उचलला जातो. त्याला ही नोंद माहीतच नसते, त्यामुळे रिटर्नमध्ये 3,600 जादा कर राहतो आणि पार्टीच्या हाती कोणतंही कागदपत्र पडत नाही. असं झालंय का हे पाहायचं असेल तर महिन्याच्या आउटपुट कर खात्याची शिल्लक आणि जीएसटीआर-1 ची बेरीज शेजारी ठेवा. फरक निघाला की आधी हाताने टाकलेल्या नोंदी शोधा.

क्रेडिट नोटलाही आयआरएन लागतो. उलाढाल 10 कोटी किंवा जास्त असेल तर कागदपत्राच्या तारखेपासून 30 दिवसांत पोर्टलवर नोंदवा, उशिरा ते घेतलं जात नाही. ती ज्या महिन्यात काढाल त्या महिन्याच्या जीएसटीआर-1 मध्ये जाते, मूळ बिलाचा महिना उघडावा लागत नाही. मार्चचं बिल मेमध्ये चुकीचं सापडलं आणि मार्चचा पिरियड बंद झालेला असला तरी म्हणूनच क्रेडिट नोट चालते. कर कमी करायची शेवटची तारीख मात्र आहे: बिल 2025-26 मधलं असेल तर 30 नोव्हेंबर 2026, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर ती तारीख. त्यानंतर फक्त रकमेची, जीएसटीविना क्रेडिट नोट देता येते. 20,000 पार्टीला मिळतील, 3,600 सरकारकडे भरलेलेच राहतील.

पार्टीच्या अकाउंट्सला क्रेडिट नोटची प्रत पाठवून एवढं नक्की सांगा की 3,600 चं इनपुट क्रेडिट त्यांनी परत फिरवायचं आहे. त्यांनी ते फिरवलं नाही तर तुमची कर-घट अडचणीत येते. पैसे आले की F-28 मध्ये 2,95,000 चं बिल आणि 23,600 ची क्रेडिट नोट दोन्ही निवडा. 2,71,400 ची पावती त्यांच्यावर बसते आणि पार्टीच्या खात्यात या व्यवहाराची एकही उघडी ओळ उरत नाही.