भाजे लेण्यांच्या फोटोत स्तूप, चैत्यगृह आणि विहार कसे ओळखायचे?

प्रश्न: भाजे लेण्यांचा फोटो जोडला आहे. मधे मोठी कमान आहे, आजूबाजूला बरीच छोटी दारं आहेत आणि उजवीकडे गोल डोक्याचे दगडी ठोकळे एका ओळीत दिसतात. यात स्तूप कोणता, चैत्यगृह कोणतं आणि विहार कोणता? कशावरून ओळखायचं?

उत्तर:

उजवीकडचे गोल डोक्याचे ठोकळे म्हणजे स्तूप. मोठी कमान चैत्यगृहाची. छोटी दारं विहारांतल्या खोल्यांची. पण आणखी एक स्तूप तुमच्या फोटोत आहे, तो कमानीच्या आतल्या अंधारात आहे.

बहुतेकांचा गोंधळ होतो तो तीन वेगवेगळ्या इमारती शोधायला गेल्यामुळे. स्तूप ही खोली नाही, ती भरीव वस्तू आहे. तिच्या आत जाता येत नाही, तिच्याभोवती फिरायचं असतं. त्या फिरण्यासाठी स्तूपाभोवती जे दालन कोरलं ते चैत्यगृह. विहार म्हणजे भिक्षूंच्या राहण्याची जागा. त्यामुळे लेण्याचा कुठलाही फोटो समोर आला की मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: इथे माणूस फिरत होता की झोपत होता? जिथे फिरायला वाट ठेवलेली दिसते ते चैत्यगृह, जिथे पाठ टेकायला जागा दिसते तो विहार. कमानी, नक्षी, खांब या सगळ्याकडे नंतर बघायचं, कारण फसवाफसवी तिथेच होते.

आता तुमचा फोटो. फोन असेल तर आधी मधल्या कमानीवर झूम करा आणि एडिटमध्ये सावल्या उजळ करा. भाज्याची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून सकाळच्या फोटोत कमानीच्या आत नुसता काळोख येतो. दुपारनंतरचा फोटो असेल तर फारसं काही करावं लागणार नाही. उजळल्यावर दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आत जाताना दिसतील. आता खांबांच्या मागे बघा. रांग आणि भिंत यांच्यामधे अरुंद मोकळी पट्टी आहे, आणि ती सरळ आत जाऊन स्तूपाच्या मागून वळून दुसऱ्या बाजूने परत येते. हीच प्रदक्षिणेची वाट. मागची भिंत सपाट नाही, अर्धगोल आहे, कारण वाटेला वळायचं आहे. भाज्याच्या चैत्यगृहात असे 27 खांब आहेत, सगळे अष्टकोनी आणि अगदी साधे. त्यांना ना खाली बैठक, ना वर कोरीव शीर्ष.

त्या खांबांकडे जरा जवळून पाहा. ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की कॅमेऱ्याच्या लेन्समुळे तसं दिसतंय. लेन्सचा काही दोष नाही, ते तसेच कोरलेले आहेत. लाकडी दालनात वरच्या गोल छपराचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार खांब आत कलते रोवायचे. इथे डोंगर खोदला आहे, भार ढकलण्याचा प्रश्नच नव्हता, तरी इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या त्या कारागिरांनी सवयीने तेच केलं. छताचंही तसंच. वर पालथ्या होडीसारखा जो गोलवा दिसतो आणि त्यावर ज्या आडव्या फासळ्या दिसतात, त्या खऱ्या लाकडाच्या आहेत. दगडाच्या छताला लाकडी फासळ्यांची काहीच गरज नाही, पण ठेवल्या, आणि त्यांतल्या काही मूळच्या अजून टिकून आहेत. अशा गोल छताला गजपृष्ठाकार छत म्हणतात. भाज्याला कमान एवढी उघडी दिसते याचंही कारण लाकूडच. पुढे लाकडी पडदी होती, ती गेली. कडेच्या दगडात ती बसवायला केलेली भोकं अजून दिसतात, फोटो चांगल्या रिझोल्यूशनचा असेल तर तुम्हालाही सापडतील.

आतला स्तूप ओळखायला खालून वर जा. खाली ढोलासारखा गोल कट्टा, ती मेधी. त्यावर घुमटाचा फुगीर भाग, ते अंड. त्यावर चौकोनी पेटी, ती हर्मिका. हर्मिकेच्या वर छत्र असायचं. भाज्याचं छत्र आता नाही, पण समोरच्या डोंगरातल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपावरचं लाकडी छत्र अजून उभं आहे, तिथे पूर्ण रूप बघायला मिळतं. फोटोत स्तूप अर्धाच आला असेल तर हर्मिका शोधा. गोल भागावर चौकोनी पेटी दिसली की शंकेला जागा राहत नाही. उजवीकडच्या ओळीतल्या स्तूपांना येणारे-जाणारे सर्रास शिवलिंग म्हणतात. त्यांना हीच पेटी दाखवायची.

ती ओळ म्हणजे एकूण 14 स्तूप आहेत. पाच कातळाच्या आत, नऊ बाहेरच्या बाजूला. ते एकमेकांना एवढे खेटून आहेत की प्रत्येकाभोवती नीट फिरायला वाटच नाही. म्हणजे हे चैत्यगृह नव्हे, आणि इथे रोजची प्रदक्षिणाही अपेक्षित नसावी. काहींवर ब्राह्मी लिपीत थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची नावं कोरली आहेत. हे त्यांचे स्मारक-स्तूप. तेव्हा तुमच्या फोटोत स्तूप दोन जागी आहे: एकदा दालनाच्या टोकाला पूजेसाठी, एकदा उघड्यावर स्मरणासाठी. रूप एकच, जागा वेगळी. ‘स्तूप दिसला म्हणजे चैत्यगृह’ हे सूत्र म्हणूनच चालत नाही.

आता छोटी दारं. त्यांतल्या एखाद्या दारावर झूम करा. दार अरुंद आहे, आत जेमतेम एका माणसापुरती चौरस खोली, छत सपाट. खोलीच्या एका भिंतीला लागून गुडघ्याएवढ्या उंचीचा दगडी ओटा दिसतो, तो भिक्षूचा बिछाना. कुठे ओट्याशेजारी भिंतीत कोनाडा असतो. दाराच्या चौकटीकडे नीट पाहिलं तर खाचा दिसतात, लाकडी चौकट आणि फळी बसवायच्या. स्तूपाकडे जाणाऱ्या माणसाला झोपायला ओटा लागत नाही आणि दार लावून घ्यायचीही गरज नसते. ओटा दिसला की तो विहार, मग बाहेरून कितीही नक्षी असो. मोठ्या विहारात पुढे ओसरी, मधे चौकोनी दालन आणि त्याच्या तीन भिंतींत अशा खोल्या असतात. एका दालनात तीन-चार काळी चौकोनी तोंडं शेजारीशेजारी दिसली तर तीही खूण पुरेशी आहे. मात्र जमिनीलगत खाली काळं चौकोनी तोंड दिसलं आणि वर दार नाही, तर ती पाण्याची टाकी. जुन्या शिलालेखांत तिला पोढी म्हटलंय.

फसायची जागा म्हणजे कमान. भाज्याला मोठ्या कमानीच्या दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला, तसल्याच आकाराच्या लहान लहान कमानी कोरलेल्या दिसतील, त्यांच्याखाली कठड्यासारख्या वेदिकेच्या पट्ट्या. खोल्यांच्या दारांवरही तीच नक्षी येते. या कमानी नुसती सजावट आहेत. फरक असा करायचा: कमानीच्या आतून आरपार अंधार आणि छताच्या फासळ्या दिसत असतील तर ती चैत्यगृहाची कमान. आत दगडच दिसत असेल, किंवा खाली माणसाएवढं साधं दार असेल, तर ती सजावट. फोटोत एखादा माणूस उभा असला तर काम आणखी सोपं होतं. चैत्यगृहाच्या कमानीपुढे तो अगदी बारका दिसतो.

सगळ्यात अवघड उदाहरण भाज्याचं नाही, जवळच्याच बेडसे लेण्यांतलं आहे. तिथला विहार मागच्या बाजूला अर्धगोल आहे आणि त्याचं छत गजपृष्ठाकार आहे, म्हणजे आकार पुरता चैत्यगृहाचा. नुसत्या छताच्या फोटोवरून भलेभले त्याला चैत्यगृह म्हणतात. पण आत खांबांची रांग नाही, टोकाला स्तूप नाही, आणि त्या अर्धगोल भिंतीत खोल्यांची दारं आहेत. फिरायची वाट कुठेच नाही, झोपायच्या जागा मात्र आहेत. तेव्हा विहार. उलट बाजूने जुन्नरच्या तुळजा लेण्यात चैत्यगृह लांबट नाही, गोल आहे: मधे स्तूप, भोवती 12 खांबांचं कडं. लांब दालन नाही म्हणून ते विहार ठरत नाही, कारण खांबांच्या मागून फिरायची वाट आहे. कुडा इथल्या लेण्यांत तर चैत्यगृहाचं छत सपाट आहे. छत हा पुरावा म्हणून दुय्यम आहे, एवढं यावरून घ्या.

नंतरच्या काळातल्या लेण्यांना हे जसंच्या तसं लावू नका. अजिंठ्याला पाचव्या शतकातल्या विहारांत मागच्या भिंतीत गाभारा खोदून बुद्धमूर्ती बसवली आहे, म्हणजे राहण्याच्या जागेतच पूजा आली. तरी बाजूच्या खोल्या असतात, त्यामुळे ते विहारच. अजिंठ्याच्या 19 आणि 26 क्रमांकाच्या चैत्यगृहांत स्तूपावरच पुढच्या बाजूला बुद्ध कोरलेला आहे. फोटो समोरून काढला असेल तर मूर्तीच नजरेत भरते आणि मागचा स्तूप लक्षात येत नाही. मूर्तीच्या डोक्यावर घुमट आणि छत्रांची उतरंड दिसते का ते बघायचं. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या विहारात मागच्या भिंतीवर स्तूप उठावात कोरलाय, पण तो भिंतीला चिकटलेला आहे, त्याच्यामागून जाता येत नाही. आणि लेण्याद्रीला गणपतीचं जे देऊळ आहे ते मुळात विहार आहे. गणपतीच्या दालनाच्या भिंतींतल्या खोल्या आजही दिसतात, भक्तांच्या गर्दीत कुणी तिकडे बघत नाही एवढंच.

नुसत्या फोटोवरून कधी कधी ठरवता येत नाही, हेही खरं. दर्शनी भाग कोसळलेला असेल, किंवा लेणं अर्धवट सोडलेलं असेल आणि कोन असा असेल की आतली मागची भिंत दिसतच नाही, तर मी उत्तर देत नाही, दुसरा फोटो मागतो. वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत सपाट छताची कडही गोल वाटते, त्यावर विसंबू नका. तुम्ही पुन्हा भाज्याला गेलात तर दुपारनंतर जा, चैत्यगृहाच्या उंबऱ्याशी मधोमध उभे राहून एक फोटो काढा आणि मग डाव्या बाजूच्या खांबांच्या मागे जाऊन वाटेचा एक. विहाराचा फोटो दारातून न काढता आत पाऊल टाकून, ओटा दिसेल असा काढा.