शेणकिडा चांदण्यावरून चालतो की चांदण्यांवरून?

प्रश्न: मुलांसाठीच्या एका विज्ञानलेखात मी लिहिलंय, ‘शेणकिडा रात्री चांदण्यावरून वाट शोधत शेणाचा गोळा नाकासमोर घरी नेतो.’ मैत्रिणीने ‘चांदण्यांवरून’ असा बदल सुचवला. एका अनुस्वाराने खरंच फरक पडतो का? आणि बाकीचं वाक्य ठीक आहे ना?

उत्तर: फरक पडतो, आणि गंमत म्हणजे दोन्ही रूपं खरी ठरू शकतात. फक्त त्यांमागची हकीकत वेगवेगळी आहे.

‘चांदणं’ हा नपुंसकलिंगी एकवचनी शब्द. त्याचं सामान्यरूप ‘चांदण्या’, म्हणून ‘चांदण्यावरून’. ‘चांदणी’ स्त्रीलिंगी, तिच्या अनेकवचनाचं सामान्यरूप ‘चांदण्यां’, म्हणून ‘चांदण्यांवरून’. चांदणं म्हटलं की आपल्याला आधी चंद्राचा उजेड आठवतो आणि चांदणी म्हणजे तारा. बोलताना अनुस्वार फारसा ऐकू येत नाही, त्यामुळे एरवी संदर्भावर भागतं. इथे मात्र भागत नाही, कारण चंद्राच्या उजेडावर दिशा धरणं आणि ताऱ्यांवर धरणं या दोन गोष्टी दहा वर्षांच्या अंतराने कळल्या आहेत.

आधी अनुस्वार नसलेलं चांदणं पाहू. दक्षिण आफ्रिकेत ‘स्कॅराबियस झाम्बेसियानस’ नावाचा शेणकिडा आहे. चंद्राचा उजेड वातावरणात विखुरतो तेव्हा त्याच्या लहरी विशिष्ट दिशेने कंप पावतात आणि आकाशात चंद्राभोवती ध्रुवित प्रकाशाचा एक आकृतिबंध तयार होतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, या किड्याला दिसतो. मारी डाके आणि सहकाऱ्यांनी चालत्या किड्यावर ध्रुवकाची, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या लहरी पलीकडे जाऊ देणारी, काच धरली आणि तिचा अक्ष आकाशातल्या प्रकाशाच्या अक्षाला आडवा केला. किडा जवळजवळ काटकोनात वळला आणि नव्या दिशेने सरळ चालू लागला. हे काम 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा तुमचं वाक्य या किड्याबद्दल असेल, तर ‘चांदण्यावरून’ अगदी बरोबर आहे.

पण ‘ताऱ्यांच्या आधाराने चालणारा’ म्हणून ज्याचं नाव झालं तो त्याचा भाऊबंद, ‘स्कॅराबियस सॅटायरस’. चंद्र नसलेल्या निरभ्र रात्रीही तो गोळा सरळच नेतो, असं संशोधकांना दिसलं. मग त्याला नेमकं काय दिसतं, हा प्रश्न आला. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या डाके व एरिक वॉरंट आणि जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातले मार्कस बर्न ही मंडळी त्यामागे लागली. आधी त्यांनी उघड्या रानात किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याची छोटी टोपी बसवली, म्हणजे खालची जमीन दिसावी पण आकाश दिसू नये. टोपी घातलेल्या किड्यांची वाट वेडीवाकडी झाली आणि दुपटीहून जास्त लांबली. टोपीचं ओझं किंवा त्रास हे कारण असेल अशी शंका कोणीही घेईल, म्हणून दुसऱ्या किड्यांना तशीच, पण पारदर्शक टोपी घातली. ते सरळ गेले. म्हणजे दिशा आकाशातूनच मिळत होती.

यानंतर ते किडे घेऊन जोहान्सबर्गच्या तारांगणात गेले. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण खऱ्या आकाशातले तारे कोणाला बंद-चालू करता येत नाहीत, तारांगणात येतात. मध्यभागी 2 मीटर व्यासाची गोल फळी, भोवती काळ्या कापडाची भिंत, म्हणजे प्रेक्षागृहातली कुठलीही खूण किड्याला दिसू नये. किड्याला गोळ्यासकट मधोमध सोडायचं आणि तो कडेवरून खाली पन्हळीत पडला की ‘टप्’ आवाज येईल, तोवरचा वेळ मोजायचा. दिवा लावायची सोय नाही, कारण दिवा लावला की प्रयोगच संपला. म्हणून कानांवर भिस्त. सरळ चालणारा किडा लवकर पडतो, गोल गोल फिरणाऱ्याला वेळ लागतो.

सगळे तारे आणि आकाशगंगा दाखवली तेव्हा किडे झटकन कडेला पोहोचले. नुसता आकाशगंगेचा धूसर पट्टा दाखवला तरी त्यांचं जवळपास तितकंच छान चाललं. पण फक्त 18 सर्वांत तेजस्वी तारे ठेवून बाकी आकाश काळं केलं, तेव्हा त्यांना बराच जास्त वेळ लागला. 2013 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

यावरून तुमच्या अनुस्वाराला एक पुढची पायरी मिळते. ‘चांदण्यांवरून’ लिहिलं की वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे एकेक लुकलुकणारी चांदणी येते आणि किडा ध्रुवतारा हेरणाऱ्या नावाड्यासारखा वाटू लागतो. तसं नाही. किड्याच्या डोळ्याला सुटे तारे वेचून पाहता येत नाहीत, मोजके ठळक सोडले तर बहुतेक त्याच्या दृष्टीने फार अंधूक आहेत. त्याला दिसतो तो आकाशाला आडवा पसरलेला उजेडाचा पट्टा. त्याच्या प्रत्येक डोळ्याचे एका कडेने वरचा आणि खालचा असे दोन भाग पडलेले असतात, आणि आकाशाकडे असतो तो वरचा भाग. म्हणून लेखात मी ‘आकाशगंगेवरून’ लिहीन. तिथे अनुस्वाराचा घोळही उरत नाही.

पट्ट्याची दोन्ही टोकं सारखी दिसत असतील, तर कुठलं टोक कुठलं हे किड्याला कसं कळणार? खऱ्या आकाशगंगेचा दक्षिणेकडचा भाग उत्तरेकडच्या भागापेक्षा उजळ दिसतो, आणि किडा हीच तुलना करतो. जेम्स फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम उजेड दाखवून पाहिलं, की दोन बाजूंत सुमारे 13 टक्के फरक असला तरी किड्याला तो पुरतो. आकाशात तेवढा फरक मिळतो. म्हणून आकाशगंगा डोक्यावरून जाऊन दोन्ही क्षितिजांवर सारखीच टेकलेली असली तरी त्याची दिशा चुकू नये. ‘नक्षत्रं ओळखतो’ असं कुठे वाचलं असेल, तर ते मात्र घेऊ नका. नक्षत्र ओळखायला आकृती लक्षात ठेवावी लागते. इथे काम निव्वळ कमी-जास्त उजेडाचं आहे.

आता ‘वाट शोधत’. हा वाक्प्रयोग मी बदलेन. वाट शोधायची तर पोहोचायचं ठिकाण लागतं. या किड्याला कुठलंच ठिकाण गाठायचं नसतं. शेणाचा ताजा पो पडला की त्यावर किड्यांची झुंबड उडते. जो गोळा करून निघतो त्याचा गोळा दुसरा किडा हिसकावून घेऊ शकतो, म्हणून त्या गर्दीपासून लवकरात लवकर दूर जायचं. सगळ्यांत कमी चालून दूर जाण्याचा मार्ग म्हणजे सरळ रेषा. गोल फिरला तर परत त्याच टोळक्यात येऊन पडेल. कोणत्या दिशेला जायचं याला महत्त्व नाही, जी दिशा धरली ती सोडायची नाही, एवढंच. मऊ जमीन मिळाली की तो गोळ्यासकट स्वतःला पुरून घेतो आणि तिथेच बसून खातो. मराठीत याला ‘दिशा धरणे’ हा नेमका शब्द आहे. ‘वाट शोधणे’, ‘मार्ग काढणे’, ‘दिशा ओळखणे’ हे त्या मधमाशीला शोभतात जिला पोळ्याकडे परतायचं असतं. म्हणून ‘घरी’ही काढा. शेणकिड्याला परतायचं घर नाही.

ही दिशा तो धरतो कधी, तेही मुलांना सांगण्यासारखं आहे. गोळा तयार झाला की किडा त्यावर चढतो आणि जागच्या जागी स्वतःभोवती गिरकी घेतो. संशोधक याला नाच म्हणतात. या गिरकीत तो वरचं आकाश एका झटक्यात टिपून ठेवतो, आणि मग चालताना समोरचं आकाश त्या टिपणाशी जुळत राहील असं स्वतःला वळवत राहतो. आडवा दगड आला, गोळा हातून सुटला किंवा तो वाटेवरून ढळला, की पुन्हा वर चढून गिरकी. तारे रात्रभर सरकतात, मग टिपण जुनं होत नाही का? आकाश तासाला 15 अंश फिरतं, म्हणजे पाच मिनिटांत सव्वा अंश. किड्याचा प्रवास काही मिनिटांत संपतो, त्यामुळे एवढ्या फरकाने त्याचं काही बिघडत नाही.

‘नाकासमोर’ या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. नाकासमोर चालणं म्हणजे सरळ चालणं हे खरं, पण हा किडा चालतो उलटा. डोकं खाली, पुढचे पाय जमिनीवर, मागचे पाय गोळ्यावर, आणि जातो पाठीच्या दिशेने. त्याचं नाक, म्हणजे डोकं, जिथून निघाला तिकडे असतं. मुलं चित्र काढतील तेव्हा या शब्दामुळे किडा गोळ्यामागून तोंडाने ढकलणारा होईल. ‘सरळ रेषेत’ म्हटलं की काम होतं.

एकंदर वाक्य मी असं लिहीन: ‘चंद्र नसलेल्या रात्रीही हा शेणकिडा आकाशगंगा पाहून दिशा धरतो आणि मागच्या पायांनी शेणाचा गोळा ढकलत सरळ रेषेत दूर नेतो.’ ‘हा’ ठेवलाय, कारण सगळे शेणकिडे असं करत नाहीत. स्कॅराबियस लामार्की दिवसा वावरतो आणि सूर्यावर दिशा धरतो, आणि पुष्कळ जाती गोळा गडगडवत नेतच नाहीत, शेणाखालीच बिळं करतात.

लेखात शहरातल्या दिव्यांचा उल्लेख येणार असेल, तर ‘शहरात शेणकिडे भरकटतात’ असं सरसकट लिहू नका. फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये जोहान्सबर्गमधल्या इमारतीच्या गच्चीवर हे तपासलं. दिवे थेट दिसत होते तेव्हा किडे भरकटले नाहीत, ते सरळच गेले, पण सगळे उजळ इमारतींच्या रोखाने. म्हणजे एकमेकांपासून पांगायचं सोडून एकाच बाजूला जमू लागले, आणि गोळा हिसकावला जाण्याचा धोका परत आला. थेट दिवे झाकले आणि वर फक्त शहराच्या उजेडाने धुरकटलेलं आकाश राहिलं, तेव्हा मात्र त्यांना दिशा धरता आली नाही. ‘भरकटतात’ हे क्रियापद या दुसऱ्या परिस्थितीसाठी ठेवा, पहिलीसाठी ‘दिव्यांकडे ओढले जातात’ लिहा.